युनिट साठवायला किती, युनिट मिळायला किती

(दृश्य: बुधवार पेठ, तपकीर गल्ली. दुकानाच्या पायरीशी दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या.)

डावीकडची काळी, उंच, सहा झाकणांची बॅटरी शिशाची आहे. ट्युब्युलर, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. ॲसिडसकट वजन पन्नास किलोच्या वर, त्यामुळे ती पायरीपर्यंत आणायला दोन माणसं लागली. उजवीकडची राखाडी बॅटरी दुकानातल्या पोरानं एका हातात उचलून आणली. ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर.

काळीचा भाव १६ हजार. राखाडीचा २४ हजार.

घेणारे दादा सिंहगड रस्त्याच्या कडेला ज्यूसची गाडी लावतात. ते दोन्हींकडे आळीपाळीनं बघतात आणि दुकानदाराला म्हणतात, "शेठ, केवढीशी ही, आणि आठ हजार जास्त?"

दुकानदार म्हणतो, "दादा, ती चालते पण तेवढी."

किती चालते, आणि त्या चालण्याचे आठ हजार होतात का, हे आज आपण बघणार आहोत.

आधी दादांच्या नजरेनं बघू. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, अर्थात १.८ युनिट. आपल्या वीजबिलावर असतं तेच हे युनिट. १६ हजारांना १.८ नं भागलं की एक युनिट साठवण्याच्या जागेला साधारण ८,९०० रुपये पडतात. राखाडीत १.२८ युनिट मावतात, म्हणजे तिथे एका युनिटला १८,७५० रुपये. दुपटीहून जास्त. बाजारात बॅटरीचा भाव असाच बोलला जातो, आणि या मापानं दादांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पण हे भाडं न विचारता गोदामाची नुसती लांबी-रुंदी मोजण्यासारखं आहे. आत माल किती वेळा भरला आणि किती वेळा बाहेर काढला, हे त्यात येतच नाही.

(दृश्य: संध्याकाळ. गाडीवरचे दिवे लागतात. मिक्सर सुरू होतो.)

दादांची गाडी सहाला लागते, अकराला आवरते. दिवे आणि एक छोटा पंखा मिळून १३० वॅट. पाच तासांचे झाले ६५० वॅट-अवर. मिक्सर ५०० वॅटचा, पण सलग चालत नाही. गिऱ्हाइकामागे अर्धा-पाऊण मिनिट, असं करत रात्रभरात अर्धा तास भरतो. त्याचे २५०. एकूण ९०० वॅट-अवर, म्हणजे ०.९ युनिट. पावसाचे आणि सुट्टीचे दिवस वगळले तर वर्षाला असे तीनशे दिवस.

शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसून चालत नाही. डिस्चार्ज होताना तिच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं, चार्जिंगला ते परत विरघळतं. जितकं खोल उपसाल तितकी ही ये-जा मोठी, आणि प्लेटांतला कामाचा माल तितका लवकर ढिला होऊन तळाशी गळतो. निम्मीच वापरली तर चांगली ट्युब्युलर बाराशेच्या आसपास फेऱ्या देते, म्हणजे तितक्या वेळा भरून उपसता येते. दादांचे ०.९ युनिट म्हणजे १.८ चे बरोबर निम्मे, तेव्हा बाराशे धरू. वर्षाला तीनशे प्रमाणे चार वर्षं.

आता गुणाकार. बाराशे फेऱ्या, दर फेरीला ०.९, म्हणजे आयुष्यभरात १,०८० युनिट हातात. शिसं भंगारात जातं, हा तिचा मोठा गुण. जुनी बॅटरी परत देताना साडेतीन हजार सुटतील असं धरलं तर खर्च उरला साडेबारा हजार. हातात आलेल्या दर युनिटला ११ रुपये ६० पैसे.

राखाडीला ऐंशी टक्के उपसलं तरी त्रास नाही. कंपन्यांच्या कागदावर चार हजार, सहा हजार फेऱ्या लिहिलेल्या असतात. मी इथे तीनच हजार धरतोय. कारण वर्षाला तीनशे फेऱ्यांनी तीन हजार व्हायला दहा वर्षं लागतात, आणि लिथियमचा सेल नुसत्या वयानंही म्हातारा होतो. पंधराव्या वर्षी मिळणाऱ्या फेऱ्यांच्या भरवशावर आज पैसे मोजू नयेत. तीन हजार गुणिले ०.९ म्हणजे २,७०० युनिट. भंगाराचा एक पैसाही धरला नाही, तरी युनिटला ८ रुपये ९० पैसे.

जागेच्या भावात दुपटीनं महाग असलेली बॅटरी हातात आलेल्या युनिटला पावणेतीन रुपयांनी स्वस्त पडली.

आणि अजून चार्जरचं बिल यायचंय. शिशाच्या बॅटरीतून एक युनिट काढायचं तर आत साधारण सव्वा ते दीड युनिट घालावं लागतं, बाकीचं उष्णता आणि बुडबुडे होऊन जातं. लिथियमला १.१ च्या आत भागतं. वीज दहा रुपये युनिट धरली तर नुसत्या गळतीचे शिशाला तीनेक रुपये, लिथियमला एक रुपयाच्या आत. दादांच्या घरी यामुळे रोजचे सव्वादोन रुपये वाचतात, वर्षाचे ६६० च्या आसपास.

(दृश्य: परत दुकान. दादा शेल्फवरच्या एका लहान काळ्या बॅटरीकडे बोट दाखवतात.)

इथे दादांना आणखी स्वस्त वाट दिसते. ९० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी, दहा हजार. तिच्यात १.०८ युनिट मावतात आणि लागतात ०.९. मग काय हरकत?

हरकत त्या आकड्यातच आहे. ९० हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा. पाच तासांत उपसली की शिशाची बॅटरी त्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्केच देते. म्हणजे दादांची बॅटरी रोज रात्री अकराला तळाला गेलेली असणार. अशी रोज कोरडी होणारी बॅटरी वर्षभरात मान टाकते. भंगाराचे दोन हजार वजा करून आठ हजार, आणि वर्षभरात मिळालेले २७० युनिट. युनिट पडलं तीस रुपयांना. या सगळ्या हिशेबात मला सर्वांत जास्त टोचणारा आकडा हाच, कारण जवळ कमी पैसे असलेला माणूसच ही बॅटरी घेतो.

बॅटरी कुठल्या वाटेनं चाललीय ते कळतं. दुकानदार हायड्रोमीटर काढतो. काचेची नळी, वर रबराचा फुगा. झाकण उघडून तो फुगा दाबून सोडतो, ॲसिड नळीत चढतं आणि आतला तरंगा हलत हलत थांबतो. पूर्ण चार्ज ट्युब्युलरला हे लोक 'बाराशे चाळीस' म्हणतात, म्हणजे ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व १.२४०. सहाही खान्यांत आकडा जवळपास सारखा हवा. इथे दुरुस्तीला आलेल्या एका बॅटरीत पाच खाने बाराशे तीसच्या पुढे आहेत आणि चौथा अकराशे ऐंशीवर अडकलाय. रात्रभर चार्ज करूनही तो वर येत नसेल तर त्या खान्यातलं सल्फेट आता घट्ट झालंय. सकाळी दुसऱ्या कशासाठी प्लग हवा म्हणून चार्जिंग अर्ध्यावर काढलं, असं महिनाभर झालं तरी हेच होतं. अर्धवट चार्ज राहण्याचं लिथियमला मात्र काही वाटत नाही.

(दृश्य: दादा हिशेबाची वही उघडतात.)

मग राखाडीच घ्यायची? दादांचा पुढचा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. "वरचे आठ हजार मी आणू कुठून?"

ओळखीतून घेतले तर शेकडा तीन टक्के महिना. म्हणजे आठ हजारांवर दरमहा २४० रुपये. मुद्दल चार वर्षं फिटलंच नाही तर व्याजच ११,५२० होतं, मुद्दलासह साडेएकोणीस हजार. त्या चार वर्षांत राखाडी वाचवते काय? दुसरी शिशाची बॅटरी घ्यायचे साडेबारा हजार आणि विजेचे २,६४० मिळून पंधरा हजारांच्या थोडं वर. तोटाच. तेच पैसे बँकेकडून वर्षाला बारा टक्क्यांनी मिळाले तर व्याज ३,८४० होतं, आणि दादा चार वर्षांत तीन हजारांहून जास्त फायद्यात राहतात. पुढची सहा वर्षं त्याच बॅटरीवर. कुठलं रसायन स्वस्त, याचं उत्तर इथे पैसे कुणाकडून आले यावर फिरलं.

(दृश्य: कोथरूड. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. जिन्याखाली नाही, बाल्कनीत ठेवलेला इन्व्हर्टर.)

हीच काळी बॅटरी या घरातही आहे. इथे वर्षभरात मिळून चाळीस तास वीज जाते असं धरू. अडीचशे वॅटचा भार, म्हणजे वर्षाला दहा युनिट. बॅटरी पाच वर्षांनी वयानंच संपेल, तोवर दिले पन्नास युनिट. साडेबारा हजारांना पन्नासनं भागलं तर युनिटला अडीचशे रुपये. लिथियम दहा वर्षं टिकली तर शंभर युनिट आणि २४ हजार. दोनशे चाळीस रुपये.

हे आकडे वाचून दचकायचं कारण नाही. इथे युनिटचा भाव काढणंच चुकीचं आहे. या घरातले काका-काकू युनिट विकत घेत नाहीयेत, वीज गेल्यावर पंखा बंद पडू नये एवढ्यासाठी पैसे देतायत. त्यांनी वर्षाचा खर्च बघावा. शिशाला अडीच हजार, लिथियमला चोवीसशे. जुळ्या भावंडांइतकं अंतर. त्यात जुन्या इन्व्हर्टरला लिथियमची सोय नसेल तर तोही बदलायचा, आणि कधीमधी रात्र लांबली तर मोठी काळी बॅटरीच जास्त वेळ पुरते. मी त्यांना शिशाचीच घ्यायला सांगेन. फक्त बाल्कनीतल्या उन्हातून आत हलवायला सांगेन, कारण सतत दहा अंश जास्त उष्णतेत राहिली तर शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी महिन्या-दोन महिन्यांनी बघायची.

(दृश्य: रात्र. दुकान बंद व्हायची वेळ. राखाडी बॅटरीला एक दिवा जोडलेला.)

दादांनी बँकेतून पैसे केले आणि राखाडी घेतली. घेण्याआधी एक काम करून घेतलं. लिथियमच्या नावाखाली गाड्यांमधून काढलेले जुने सेल नव्या डब्यात भरून विकले जातात, आणि बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. व्होल्टेजही सारखंच दाखवतात. कळतं ते उपसल्यावरच. पूर्ण चार्ज बॅटरीला १०० वॅटचा डीसी दिवा लावायचा आणि घड्याळ बघायचं. १.२८ युनिटची बॅटरी बारा तासांच्या पुढे जायला हवी. आठ तासांत विझली तर वरच्या सगळ्या हिशेबातला पहिलाच आकडा खोटा होता.

मिक्सरही दुकानातच चालवून बघितला. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते आणि बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट वीजच तोडून टाकू शकतं. शिशाची बॅटरी असला झटका निमूट सोसते. ही राखाडी मात्र पहिल्यांदा बंद पडली. मग जास्त करंटचं सर्किट असलेली, त्याच भावाची दुसरी काढली, तिनं मिक्सर फिरवला. दिव्याची परीक्षाही मग तिचीच घेतली.

आता गाडीच्या फळीखाली, उन्हापासून आतल्या बाजूला, बॅटरीच्या वायरीवर हाताच्या पंजाएवढा एक मीटर लावलाय. बाहेर गेलेले वॅट-अवर तो मोजतो. आम्ही अकराला पोचलो तेव्हा त्यावर ८७० होते. दादांनी ग्लास विसळले, दिवे मालवले आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहिला.