लांबलचक पीपीटीत लोक हरवतात? अजेंडा आणि डिव्हायडर असे टाका

नमस्कार मंडळी! आज एकच गोष्ट घेऊया, मोठ्या पीपीटीत अजेंडा स्लाइड आणि मधल्या डिव्हायडर स्लाइड्स कशा टाकायच्या, म्हणजे बघणाऱ्याला कुठल्याही क्षणी कळेल की आपण कुठे आहोत आणि अजून किती बाकी आहे.

उदाहरण आपल्याकडचंच घेते. वाशीतली जुनी सिडकोची बिल्डिंग, रिडेव्हलपमेंटची मीटिंग, सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावलाय आणि कमिटीने ३६ स्लाइड्स केल्यात. पहिली टायटलची, बाकी ३५ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट, बिल्डर लोकांच्या ऑफर, कार्पेट एरिया, भाडं, करार, सगळं सलग. आता होतं काय, ऑडिटचे फोटो चालू असतानाच मागून कोणीतरी काका विचारतात, "अहो ते भाड्याचं काय?" आणि मग अर्धा हॉल भाड्यावर बोलायला लागतो. काका घाई करतायत असं नाहीये हो, भाड्याचा विषय पुढे येणार आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही, मग ते थांबतील कशाला?

म्हणून पहिलं काम, अजेंडाच्या ओळी लोकांच्या प्रश्नांसारख्या लिहायच्या. "प्रस्तावना, तांत्रिक बाबी, आर्थिक बाबी" असं लिहिलं तर भाडं त्यातल्या कशात येतं ते कोणालाच कळत नाही. आपण पाच ओळी घेऊ: बिल्डिंगची आत्ता अवस्था काय? कोणत्या बिल्डरची काय ऑफर? नवीन घर किती मोठं? भाडं किती, शिफ्टिंग कधी? करारात काय असणार? बस. माझ्या मते चार ते सहा ओळी, त्यापेक्षा जास्त झाल्या की लोक यादी वाचतच नाहीत, आणि एखाद्या भागात दोनच स्लाइड्स असतील तर तो शेजारच्या भागात घाला, त्याला वेगळं दार नको.

(स्क्रीन रेकॉर्डिंग)

आता फाइल उघडूया. डावीकडे स्लाइड्सच्या छोट्या चित्रांची पट्टी आहे, तिथे ज्या स्लाइडपासून भाग सुरू होतो त्यावर राइट क्लिक, `Add Section`, आणि नाव द्या. असे पाच सेक्शन. एक नीट लक्षात घ्या, हे सेक्शन फक्त तुमच्यासाठी आहेत, स्लाइड शोमध्ये बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. खूप जण इथेच थांबतात आणि म्हणतात झालं. फायदा एवढाच की सेक्शनचं नाव पकडून अख्खा भाग वरखाली सरकवता येतो, म्हणजे भाडं आधी घ्यायचं ठरलं तर सहाच्या सहा स्लाइड्स एकदम हलतात. लोकांना दिसायला हवं तर खरी स्लाइड लागते, तीच डिव्हायडर.

डिव्हायडरसाठी पॉवरपॉइंटमध्ये `Section Header` नावाचा तयार लेआउट आहे, मोठ्या अक्षरात नुसतं नाव येतं. चालतो, पण मला तो अपुरा वाटतो, कारण "भाडं किती, शिफ्टिंग कधी?" एवढं दिसलं तरी पाचापैकी कितवं ते कळत नाही. त्यापेक्षा अजेंडाचीच स्लाइड परत दाखवायची, चालू ओळ ठळक आणि बाकीच्या चार फिक्या. हे करायला आधी अजेंडा स्लाइड पूर्ण फायनल करा, फॉन्ट, जागा, शब्द, सगळं, आणि मगच पट्टीत ती सिलेक्ट करून पाच वेळा `Ctrl+D`. नव्याने टाइप करू नका, कारण ओळ जरा जरी इकडेतिकडे झाली तर स्लाइड बदलताना अख्खी यादी उडी मारल्यासारखी दिसते. कॉपी असली की यादी जागच्या जागी राहते आणि फक्त ठळक ओळ खाली सरकते, डोळ्याला लगेच कळतं.

फिकं म्हणजे किती फिकं, हे महत्त्वाचंय. दुपारची मीटिंग, खिडक्यांना पडदे नाहीत, लॅपटॉपवर सुंदर दिसणारा हलका करडा रंग प्रोजेक्टरवर गायबच होतो. म्हणून मध्यम करडा घ्या, चालू ओळ बोल्ड करा आणि तिच्या डावीकडे एक जाड रंगीत पट्टी द्या. पट्टीमुळे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली तरी चालू भाग ओळखता येतो.

मग प्रत्येक कॉपी आपल्या सेक्शनच्या अगदी सुरुवातीला ओढून ठेवा. हिशोब बघा, टायटल १, अजेंडा १, डिव्हायडर ५ आणि मूळच्या ३५, एकूण ४२. भाड्याचा डिव्हायडर येतो ३० नंबरला. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर ३० टाइप करून `Enter` दाबलं की थेट तिथे. पाच डिव्हायडरचे पाच नंबर कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा, काकांनी विचारलं तर शोधाशोध नाही.

क्लिक करून जायचं असेल तर अजेंडाच्या ओळीवर लिंक देता येते, `Ctrl+K`, मग `Place in This Document`, आणि यादीतून स्लाइड निवडा. इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, अक्षरांनाच लिंक दिली तर ती थीमच्या लिंकच्या रंगाची आणि अधोरेखित होतात, मग आपले ठळक-फिके रंग बिघडतात. त्यापेक्षा ओळीवर एक आयत काढा, भराव पूर्ण पारदर्शक, कडा नाही, आणि लिंक त्या आयताला द्या. दुसरं, त्या यादीत स्लाइडचं शीर्षक दिसतं, त्यामुळे सगळ्या डिव्हायडरचं शीर्षक "अजेंडा"च राहिलं तर कुठली कुठली ते समजत नाही. शीर्षकाच्या जागी त्या भागाचा प्रश्नच टाका आणि यादी खाली राहू दे. स्लाइड पुढेमागे केल्या तरी लिंक त्या स्लाइडलाच चिकटून राहते, पण ती स्लाइड डिलीट करून नवीन बनवली तर लिंक परत द्यावी लागते.

नवीन व्हर्जनमध्ये `Insert`, `Zoom`, `Summary Zoom` असंही आहे, ते छोट्या चित्रांची अजेंडा स्लाइड आपोआप बनवतं आणि भाग संपला की परत तिथेच आणून सोडतं. चार-पाच जण टेबलाभोवती असतील तर मस्त आहे. हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या आजींना ती चित्रं वाचता येत नाहीत, म्हणून सोसायटीच्या मीटिंगला मी साध्या ओळीच वापरते.

डिव्हायडर आला की नुसता पुढे ढकलू नका. दोन वाक्यं बोला, एक मागचं मिटवणारं, एक पुढचं उघडणारं. "घर किती मोठं ते ठरलं, आता ते बांधून होईपर्यंत राहायचं कुठे आणि पैसे कोण देणार ते बघू." आणि मग विचारा, मागच्या भागावर कोणाचं काही राहिलंय का? प्रश्न घ्यायची हीच जागा, कारण समोर टेबल किंवा आकडे नसतात, सगळ्यांचं लक्ष बोलणाऱ्याकडे असतं.

शेवटची तपासणी `View` मधल्या `Slide Sorter`ला. झूम कमी करा, अक्षरं वाचता येणार नाहीत एवढं, तरी पाचही डिव्हायडर पटकन वेगळे दिसले पाहिजेत. नाही दिसले तर त्यांचा बॅकग्राउंड बाकी स्लाइड्ससारखाच आहे, तो बदला. आणि आयत्या वेळी एखाद्या भागाचं नाव बदललं तर ते अजेंडा धरून सहा स्लाइड्सवर बदलायचंय, शिवाय डिव्हायडरच्या शीर्षकात. त्यासाठी `Ctrl+H` उघडा, जुनं नाव, नवं नाव, `Replace All`, आणि मग सहाही स्लाइड्स एकदा डोळ्याखालून घाला, कारण लांब नाव दोन ओळींत गेलं की खालची पूर्ण यादी सरकते आणि तुमचे पारदर्शक आयत मात्र जुन्याच जागी राहतात, म्हणजे क्लिक भाड्यावर आणि उघडतो करार.