43 सेकंदांची फाटाफूट

[पडद्यावर: अमेरिकेचा नकाशा. पूर्व किनाऱ्यावर दोन ठिपके, पश्चिम किनाऱ्यावर एक.]

21 ऑक्टोबर 2018. यूटीसी वेळेनुसार रात्रीचे 10 वाजून 52 मिनिटं. आपल्याकडे सोमवारची पहाट, 4 वाजून 22 मिनिटं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबचं एक ऑप्टिकल उपकरण बिघडत चाललं होतं. ते काढून दुसरं बसवायचं होतं. देखभालीचं नेहमीचं काम. ते चालू असतानाच पूर्वेच्या मुख्य डेटा सेंटरचा तिथल्या नेटवर्क केंद्राशी संपर्क तुटला. 43 सेकंदांत तो परत जोडला गेला.

सेवा पूर्ववत व्हायला मात्र 24 तास 11 मिनिटं लागली. भारतातला अख्खा सोमवार त्यात गेला.

कॅप थिअरम म्हटलं की एक वाक्य आपल्याला पाठ असतं: कन्सिस्टन्सी, अव्हेलेबिलिटी, पार्टिशन टॉलरन्स, तीनपैकी दोन निवडा. त्या वाक्यावरून वाटतं की पार्टिशन, म्हणजे नेटवर्कची फाटाफूट, नको असेल तर ते वगळता येतं. तसं होत नाही. नेटवर्क तुटायचं तेव्हा तुटतं, तुम्हाला विचारून नाही. एरिक ब्रूअर यांनी 2000 साली ही कल्पना मांडली आणि 2002 मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी ती सिद्ध केली. त्या सिद्धतेत एवढंच आहे: दुवा तुटलेला असताना प्रत्येक जिवंत सर्व्हरने उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर जणू सगळ्या डेटाची एकच प्रत आहे असं असायचं, या दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत. म्हणजे निवड फक्त तुटलेल्या काळापुरती असते. ती त्या रात्री कशी झाली, ते पाहू.

[पडद्यावर: पूर्वेच्या ठिपक्यातून पश्चिमेकडे जाणारा बाण.]

तुमचा कोड गिट रिपॉझिटरीत असतो. त्याला त्या रात्री धक्का लागला नाही. पण इश्यू, पुल रिक्वेस्ट, त्यांवरच्या कमेंट्स हे सगळं मायएसक्यूएलमध्ये असतं. लिहायचं काम प्रत्येक क्लस्टरमध्ये एकच सर्व्हर करतो, त्याला प्रायमरी म्हणतात. तो पूर्वेला होता. त्याच्याकडचे बदल पाठोपाठ रेप्लिकांकडे, म्हणजे त्याच डेटाची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरकडे, जात, आणि काही रेप्लिका थेट पश्चिम किनाऱ्यावर होत्या.

समजा, त्या क्षणी कुणीतरी पूर्वेच्या प्रायमरीवर एक कमेंट लिहिली. प्रायमरीने ती डिस्कवर उतरवली आणि "झालं" असं कळवलं. कमेंट पश्चिमेला निघणार, तेवढ्यात दुवा तुटला.

प्रायमरी कुणी व्हायचं हे ऑर्केस्ट्रेटर नावाचा प्रोग्राम ठरवतो. त्याची यंत्रं तीन ठिकाणी होती आणि ती राफ्ट पद्धतीने, बहुमताने निर्णय घेत. पूर्वेचं डेटा सेंटर एकटं पडलं. पश्चिमेची यंत्रं आणि पूर्वेच्याच पब्लिक क्लाउडमधली यंत्रं मिळून बहुमत झालं. जुनी प्रायमरी दिसत नाही, तेव्हा पश्चिमेला नवी नेमा, असा त्यांनी निर्णय घेतला. ऑर्केस्ट्रेटर नेमून दिल्याप्रमाणेच वागला.

43 सेकंदांनी दुवा जुळला आणि सगळं लिखाण पश्चिमेच्या नव्या प्रायमरीकडे वाहू लागलं. आपल्या माणसाची कमेंट पूर्वेला होती, पश्चिमेला नव्हती. पश्चिमेला आता नव्या कमेंट्स येत होत्या, त्या पूर्वेला नव्हत्या. एका अतिशय गजबजलेल्या क्लस्टरमध्ये पूर्वेला अडकलेल्या अशा नोंदी मोजल्या गेल्या: 954. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण पूर्वेच्या एका नोंदीला जो क्रमांक मिळाला, तोच पश्चिमेत दुसऱ्याच नोंदीला मिळाला असेल, तर नुसतं एकत्र ओतून चालत नाही. कुणाचा कोणता क्रमांक, याचा निवाडा माणसाने करावा लागतो.

म्हणजे कमेंट लिहिणाऱ्याला "झालं" असं सांगितलेलं असूनही नवी प्रायमरी तिच्याशिवायच पुढे निघाली होती. निवड अव्हेलेबिलिटीची झाली होती. आणि ती कुठल्याही बैठकीत झाली नव्हती. फेलओव्हरच्या, म्हणजे आपोआप प्रायमरी बदलण्याच्या, कॉन्फिगरेशनमध्ये ती आधीच लिहून ठेवलेली होती.

[पडद्यावर: घड्याळ. 11 वाजून 19 मिनिटं, यूटीसी.]

दुसरी निवड माणसांनी केली. इंजिनिअर पोचेपर्यंत पश्चिमेने बरंच लिखाण घेतलं होतं. ते टाकून देऊन पूर्वेकडे परतणं हा सोपा रस्ता होता, तो त्यांनी नाकारला. डेटा वाचवायचा, साइट अडखळली तरी चालेल, असं ठरवून त्यांनी वेबहुक आणि पेजेसचे बिल्ड थांबवले. तुम्ही पुश केलंत, तरी तुमच्या सीआयला खबर जात नव्हती. इथे त्यांनी कन्सिस्टन्सीसाठी अव्हेलेबिलिटी सोडली. एकच सिस्टीम, एकच रात्र, अर्ध्या तासाच्या अंतराने दोन उलट निवडी. म्हणून एखाद्या डेटाबेसला सीपी, म्हणजे कन्सिस्टन्सी जपणारा, किंवा एपी, म्हणजे अव्हेलेबिलिटी जपणारा, असं लेबल चिकटवून फारसं काही कळत नाही.

आता एक प्रश्न साहजिक आहे: दुवा तर जुळला होता, मग साइट मंद का? ॲप्लिकेशनचे सर्व्हर पूर्वेला, प्रायमरी पश्चिमेला. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायला साधारण 60 मिलिसेकंद लागतात. एका पानासाठी एकामागून एक 20 क्वेरी लागत असतील, तर 1.2 सेकंद निव्वळ प्रवासात गेला. प्रत्येक नोंद दोन्ही किनाऱ्यांवर उतरल्यावरच "झालं" म्हणायचं ठरवलं असतं, तर आपली ती कमेंट एकाच किनाऱ्यावर अडकली नसती. पण मग तो प्रवास रोजच्या प्रत्येक लिखाणाला, काहीही तुटलेलं नसताना, करावा लागला असता. कॅप या खर्चाबद्दल काहीच बोलत नाही.

[पडद्यावर: एकच पान, दोनदा रिफ्रेश. कमेंट दिसते, मग नाहीशी होते.]

उपाय म्हणून बॅकअपमधून पूर्वेचे सर्व्हर पुन्हा उभे केले गेले. कित्येक टेराबाइटचा डेटा दूरच्या साठ्यातून आणायला तासन् तास लागले. दुसऱ्या दिवशी प्रायमरी पूर्वेला परतल्या, पण वाचनाचं काम करणाऱ्या रेप्लिका मागे होत्या, काही तर तासांनी मागे. कन्सिस्टन्सीच्या पायऱ्या इथे उघड्या डोळ्यांनी दिसतात.

तुम्ही इश्यू बंद केलात, रिफ्रेश केलंत, तो उघडाच दिसला. इथे "रीड युअर राइट्स" ही हमी मोडली: स्वतः लिहिलेलं स्वतःलाच दिसलं नाही. सहकाऱ्याची कमेंट दिसली आणि पुढच्याच रिफ्रेशला गायब झाली, कारण दुसरी विनंती अधिक मागे असलेल्या रेप्लिकेकडे गेली. ही मोडलेली "मोनोटॉनिक रीड्स". आपण काळात मागे गेलो. इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी तेवढी शाबूत होती, म्हणजे लिखाण थांबलं तर सगळ्या प्रती कधीतरी सारख्या होतील. "कधीतरी" म्हणजे किती, हे ती सांगत नाही. आणि लिखाण थांबत नव्हतं. युरोप आणि अमेरिकेत कामाचा दिवस सुरू झाला, तसा रेप्लिकांवरचा ताण वाढत गेला. शेवटी पब्लिक क्लाउडमध्ये जादा रेप्लिका उभ्या कराव्या लागल्या.

माझ्या मते या दोन मधल्या हमींकडे आपण फार कमी लक्ष देतो. वापरणाऱ्याला लिनिअरायझेबिलिटीची, म्हणजे जणू एकच प्रत आहे अशा वागण्याची, उणीव क्वचित जाणवते. स्वतःची कमेंट नाहीशी झालेली लगेच जाणवते. आणि ही हमी तुलनेने स्वस्तात देता येते: माणसाने काही लिहिलं, की पुढचा थोडा वेळ त्याचं वाचन प्रायमरीवरून करायचं.

22 ऑक्टोबर, रात्रीचे 11 वाजून 3 मिनिटं, यूटीसी. रांगेत साठलेले 50 लाखांहून अधिक वेबहुक आणि पेजेसचे 80 हजार बिल्ड निपटले गेले. साधारण 2 लाख वेबहुक मात्र मुदत उलटून गळाले होते.

त्यानंतर ऑर्केस्ट्रेटरचं कॉन्फिगरेशन बदलायचं ठरलं: प्रायमरी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आपोआप हलवायची नाही. म्हणजे तसाच दुवा पुन्हा 43 सेकंद तुटला, तर त्या 43 सेकंदांत पश्चिमेला कुणीही आपोआप प्रायमरी होणार नाही. लिहू पाहणाऱ्याला एरर दिसेल, आणि तो थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबेल.