हाडाजवळची लाल रेषा

[दृश्य: ओव्हनच्या काचेतून दिसणारा ट्रे. कातडीखालून बुडबुडे येत आहेत.]

या ट्रेमध्ये कोंबडीच्या चार मांड्या आणि चार तंगड्या आहेत. एकेक मांडी साधारण १७० ग्रॅमची, तर तंगडी ११० ग्रॅमची असून सर्व तुकडे हाडासकट आणि कातडीसकट आहेत. ओव्हन २१० अंश सेल्सिअसवर आहे आणि ट्रे आत ठेवून तीस मिनिटे झाली आहेत. कातडी सोनेरी झाली आहे, सुटलेली चरबी चरचरते आहे आणि वरवर पाहता चिकन झालेच आहे असे वाटते. मात्र एका मांडीत हाडापर्यंत सुरी घालून मांस थोडे उघडले, की हाडाला लागून एक लाल रेषा दिसते.

[दृश्य: सुरीने उघडलेली मांडी, अगदी जवळून.]

या रेषेमुळे कोणी तुकडा पुन्हा ओव्हनमध्ये ढकलतो आणि वरचे मांस कोरडे करून ठेवतो, तर कोणी रेषा दिसली नाही एवढ्यावर निश्चिंत होऊन कच्चा तुकडा वाढतो. दोघांचीही चूक एकच आहे: दोघे रंगावर विसंबतात.

हा लाल रंग बहुतेक वेळा हाडातून आलेला असतो. बाजारात येणारी कोंबडी वयाने लहान असते, तिची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात आणि त्यांच्या आतल्या मगजात रक्ताचे रंगद्रव्य भरपूर असते. उष्णता लागली की ते सच्छिद्र हाडातून झिरपते आणि शेजारच्या मांसाला रंगवते. चिकन आधी गोठवलेले असेल, तर बर्फाच्या स्फटिकांनी मगजातील पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे डाग आणखी गडद पडतो आणि कधी हाडच काळपट दिसते. असा डाग पूर्ण शिजलेल्या मांसातही राहतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे: मांस पांढरट दिसावे आणि त्यातून निघणारा रस स्वच्छ असावा, तरी आतले तापमान कमी पडलेले असू शकते.

म्हणून रंग बाजूला ठेवून थर्मामीटर हातात घ्यावा लागतो. सुरक्षिततेसाठी ठरलेला आकडा ७४ अंश सेल्सिअस आहे. मांसाच्या सर्वांत थंड भागाने हे तापमान गाठले, की साल्मोनेलासारखे जिवाणू जवळजवळ तत्काळ मरतात. सर्वांत थंड भाग म्हणजे बहुधा हाडालगतचे जाड मांस, कारण उष्णता बाहेरून आत शिरते आणि तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते.

[दृश्य: थर्मामीटरची सुई मांडीत शिरते.]

खरी कसोटी सुई कुठे घालायची यात आहे. मांडीत ती वरून खाली खुपसण्यापेक्षा बाजूने, हाडाला समांतर, सर्वांत जाड भागात सरकवावी. टोक हाडाला टेकले की हाताला कठीण लागते. तसे लागताच ती थोडी मागे घ्यावी, कारण हाडाला टेकलेले टोक हाडाचे तापमान सांगते आणि आपल्याला ते मांसाचे हवे असते. तंगडीत सुई जाड टोकाच्या बाजूने, हाडाच्या शेजारून घालावी. इथे मांस कमी असल्याने टोक पलीकडच्या कातडीपाशी जाऊन पोहोचण्याची भीती असते आणि तसे झाले तर आकडा फसवा जास्त येतो. माझे मत असे, की एका आकड्यावर कधी थांबू नये. सुई हळूहळू बाहेर ओढत जावी, आकडा कुठे सर्वांत खाली जातो ते पाहावे आणि तोच खरा मानावा. तबकडीचा जुना थर्मामीटर तंगडीसाठी फारसा उपयोगाचा नाही, कारण तो टोकापासून बऱ्याच लांबीचे सरासरी तापमान दाखवतो. टोकावर मोजणारा डिजिटल थर्मामीटर इथे हवा. तो बरोबर आहे का, हे बर्फ आणि थोडे पाणी यांच्या घट्ट मिश्रणात टोक बुडवून कळते. तिथे त्याने शून्य दाखवायला हवे.

[दृश्य: तीसाव्या मिनिटाची मोजणी.]

आता आपल्या ट्रेकडे येऊ. तीस मिनिटांनी तंगडी ७२ अंशांवर आहे आणि मांडी ६६ अंशांवर. लाल रेषा दिसलेली ती मांडी खरोखरच अजून कच्ची होती. पण ते आपल्याला रेषेने सांगितले नाही, आकड्याने सांगितले. ट्रे पुन्हा आत जातो. सदतीसाव्या मिनिटाला तंगडी ८१ आणि मांडी ७५ अंशांवर येते, म्हणजे सुरक्षिततेची अट दोघींनी पार केली आहे. तरीही मांडी बाहेर काढण्याची घाई करू नये, असे मी म्हणेन.

याचे कारण या स्नायूंच्या घडणीत आहे. मांडी आणि तंगडी चालण्याचे काम करतात, त्यामुळे त्यांच्यात कोलॅजनचे चिवट पडदे जास्त असतात. ७४ अंशांवर ते पडदे अजून चिवटच असतात. खाताना मांस रबरासारखे ताणले जाते आणि हाडाला चिकटून राहते. तापमान ८० च्या पुढे गेले आणि तिथे काही मिनिटे टिकले, की कोलॅजन विरघळून जिलेटिन होऊ लागते, आणि मांस मऊ होऊनही रसाळ राहते. छातीचे मांस या तापमानाला भुशासारखे कोरडे होते. पायाचे मांस मात्र ८२ ते ८५ अंशांवरच खुलते. म्हणून तंगड्या आता काढून घेतल्या आणि मांड्या आणखी पाच मिनिटे ठेवल्या. बेचाळिसाव्या मिनिटाला मांडीने ८२ अंश दाखवले.

ही मिनिटे म्हणजे केवळ अंदाज आहे. फ्रीजमधून थेट काढलेला तुकडा, मोठी मांडी किंवा दाटीवाटीने भरलेला ट्रे यांना जास्त वेळ लागतो. पंखा चालू असलेल्या ओव्हनमध्ये तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवावे लागते. तुकडे एकमेकांना चिकटून असतील, तर सुटलेले पाणी मधल्या फटीत अडकते, वाफ होते आणि कातडी मऊ राहते. म्हणून तुकडे कोरडे पुसून, मीठ लावून, कातडी वर करून, मध्ये दोन बोटांची जागा सोडून मांडावेत आणि ओव्हन आधी पूर्ण तापवून घ्यावा. गोठवलेले चिकन फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण सुटू द्यावे, नाहीतर कातडी करपते आणि हाडाभोवतीचा गाभा मात्र मागे राहतो.

थर्मामीटर नसेल, तर स्पर्शाच्या खुणा थोडी मदत करतात, पण त्या खात्री देत नाहीत. तंगडीच्या निमुळत्या टोकाशी मांस आकसून हाड उघडे पडले आहे का, सुरी घातल्यावर हाडाजवळचे मांस अपारदर्शक दिसते आणि त्याचे धागे सुटे होतात का, हे पाहावे. कच्चे मांस तिथे काचेसारखे चकाकते, बुळबुळीत लागते आणि हाड सोडत नाही. अशी शंका आली, तर सरळ आणखी पाच-सात मिनिटे भाजावे. पायाचे मांस तेवढे सहज सोसते.

[दृश्य: ताटात ठेवलेली मांडी. सुरीने हाड वेगळे केले जाते.]

ट्रे बाहेर काढल्यावर तुकडे पाच मिनिटे उघडेच ठेवले. या काळात आतले तापमान आणखी दोन-तीन अंशांनी चढते आणि झाकण नसल्यामुळे कातडी कुरकुरीत राहते. आता ही मांडी उघडतो. हाड हाताने ओढताच मांसातून सुटून येते, आणि त्याला लागून ती लाल रेषा अजूनही तशीच आहे.