ओल्ड शेलची लाट गोल सुईवर

(दृश्य: लोकरीच्या शालीची कड, अगदी जवळून.)

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या शालींच्या कडांवर ही लाट दिसते. नक्षीचं नाव ‘ओल्ड शेल’. अठरा टाके आणि चार ओळी, एवढाच तिचा पसारा. तिची टोपी विणायची आहे, तीही शिवण न घालता, गोल सुईवर. हातातली कृती मात्र सपाट विणीची आहे.

पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसरीत जाळी येते: दोन-दोन टाके एकत्र सुलट, तीनदा, मग धागा सुईवर घेऊन एक सुलट, असं सहा वेळा, शेवटी पुन्हा दोन-दोन एकत्र, तीनदा. सहा टाके घटले, सहा वाढले, अठराचे अठराच राहिले. चौथी ओळ सुलट.

(दृश्य: सुया फिरवून काम उलटवणारे हात.)

सपाट विणताना दर ओळीनंतर काम उलटतं. दुसरी आणि चौथी ओळ आपण मागच्या बाजूने विणतो, आणि मागून घातलेला उलट टाका पुढून सुलट दिसतो. गोल सुईवर पुढची बाजूच कायम समोर असते. म्हणून दुसरी फेरी सुलट विणायची.

बरेच जण इथेच थांबतात. चौथी ओळ कृतीत ‘सुलट’ आहे म्हणून तशीच ठेवतात, आणि लाटेवरची उठावाची रेघ गायब होते. ती ओळही मागून विणलेली होती, त्यामुळे गोलात ती उलट विणायला हवी. कृती न बदलता विणली, तर रेघ उमटते खरी, पण जाळीच्या वर नव्हे, खाली. दोन लाटा झाल्या की सुई थांबवून एवढं बघाच.

(दृश्य: टाके मोजणारं बोट.)

आता टाके. सपाट तुकड्यात सहा नक्षींचे १०८ आणि दोन्ही कडांचा एकेक, असे ११० टाके होते. कडेचे टाके शिवणीसाठी असतात. इथे शिवणच नाही, म्हणून १०८च घालायचे. फेरी जोडण्याआधी घातलेल्या टाक्यांना पीळ नाही ना, ते तपासा. जोडल्यावर तो सुटत नाही.

नमुनाही सपाट विणू नका. बऱ्याच जणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो. गोलात उलट फेऱ्या तेवढ्याच राहतात, पण दुसऱ्या जागी येतात, आणि माप बदलू शकतं. नमुन्यासाठी गोल सुईवर ओळ संपली की काम न उलटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल आणा आणि पुढची ओळ विणा. दहा सेंटिमीटरला २२ टाके बसले, तर टोपीचा घेर ४९ सेंटिमीटर होतो.

(दृश्य: टोपीची मागची बाजू.)

फेरी म्हणजे खरं तर वर चढत जाणारी एकच ओळ. त्यामुळे उलट फेरी जिथे सुरू होते तिथे रेघेला छोटी पायरी पडते, ती पुरती जात नाही. फेरीच्या सुरुवातीची खूण डोक्याच्या मागच्या बाजूला येईल अशी ठेवा.