तिसरी केटल

(दृश्य : मीटिंगचं टेबल. मधोमध नवी इलेक्ट्रिक केटल, हँडलवर तापमान दाखवणारा छोटा पडदा.)

ही केटल अजून एकही विकली गेलेली नाही. तरी पहिल्या सहा महिन्यांत किती खपतील, ते आजच सांगायचं आहे, कारण कारखान्याला सुटे भाग मागवायचे आहेत.

स्वतःचा इतिहास नसला की नातेवाइकांचा बघायचा. आधी बाजारात आलेल्या, किंमत, गिऱ्हाईक आणि विक्रीची दुकानं मिळतीजुळती असलेल्या वस्तू शोधायच्या. एक पथ्य मात्र पाळायचं : यादी आधी करायची, विक्रीचे आकडे नंतर उघडायचे. नाहीतर आपसूक गाजलेल्या वस्तूच आठवतात.

समजा, यादीत तीन जुन्या केटल आल्या. सहा महिन्यांत पहिली १२,००० खपली, दुसरी ९,०००. तिसरी ४,००० वर अडकली आणि पुढे बंदच झाली. साम्य बघून त्यांना ५, ३ आणि २ असं वजन दिलं, की सरासरी येते ९,५००. ‘बंद पडलेली कशाला धरायची?’ म्हणून तिसरी वगळली, तर हाच आकडा १०,८७५ होतो. म्हणजे नुसत्या विसराळूपणाने १,३७५ केटल जास्त!

(दृश्य : गोदामातून खोकी बाहेर पडताना.)

हे आकडे दुकानाच्या काउंटरवरचे हवेत. कंपनीतून निघालेल्या मालाचे धरले, तर पहिला महिना फुगलेला दिसतो. तो माल गिऱ्हाइकाच्या घरी नाही, दुकानांच्या फळ्यांवर असतो.

आता माणसांचा अंदाज. विक्री विभाग म्हणतो, ‘तीस टक्के वाढवा, जाहिरात जोरात आहे.’ पण जुन्या केटलचीही जाहिरात झाली होती. तिचा परिणाम त्या आकड्यांत आलेलाच आहे, तो दुसऱ्यांदा कसा मोजणार? टिकतं ते एकच कारण : या वेळी दुकानं वीस टक्के जास्त आहेत. तीही छोटी, म्हणून वाढ दहाच टक्के. अंदाज १०,४५०. शेजारी कारण लिहून ठेवायचं.

२००९ साली फाइल्ड्स, गुडविन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी चार कंपन्यांचे साठ हजारांहून जास्त अंदाज तपासले. त्यात माणसांनी केलेले, अंदाज कमी करणारे बदल बहुतेकदा उपयोगी पडले, वाढवणारे बरेचदा फसले. किरकोळ बदलांनी तर अनेकदा अंदाज बिघडलाच.

(दृश्य : काउंटरवर केटल बांधून देणारे हात.)

जुन्या केटलच्या सहामाही विक्रीतला साधारण बारा टक्के वाटा पहिल्या चार आठवड्यांत आला होता, असं धरू. त्या हिशेबाने नवीच्या १,२५४ जायला हव्यात. समजा, विक्री सुरू होऊन चार आठवडे झाले आणि गेल्या १,०००. हाच वेग राहिला तर सहा महिन्यांचा आकडा ८,३०० च्या आसपास येतो. चार आठवड्यांवर सगळी मदार ठेवायची नाही, पण सुट्या भागांची दुसरी ऑर्डर लगेच थांबवता येते.