दोन पुस्तकं, दोन जन्मतारखा

गोष्ट लहानशी आहे. चौथीतली एक मुलगी शनिवारी शाळेच्या वाचनालयातून शिवाजी महाराजांचं एक जुनं चरित्र घरी नेते. कापडी बांधणी, पिवळी पडलेली पानं. पहिल्याच प्रकरणात तिला दिसतं: महाराजांचा जन्म ६ एप्रिल १६२७. ती थबकते. आठवड्यापूर्वीच वर्गात १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख तिनं फळ्यावरून उतरवून घेतलेली असते. जागा दोन्हीकडे एकच, शिवनेरी. आईवडील तेच. तारखेत मात्र जवळजवळ तीन वर्षांचं अंतर.

सोमवारी ती दोन्ही पुस्तकं घेऊन बाईंपुढे उभी राहते. "बाई, ह्यातलं खोटं कुठलं?"

बाई चांगल्या आहेत. "परीक्षेत पाठ्यपुस्तकातलं लिही" असं त्या म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "खोटं कुठलं ते नंतर बघू. आधी हे बघ, की ही तारीख ह्या पुस्तकाला कुणी सांगितली?" आज मला ह्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. त्या मुलीनं पुढे काय काय केलं, त्या वाटेनंच आपण जाऊ.

पहिलं काम सोपं आहे, पण मोठी माणसंही ते करत नाहीत. मुखपृष्ठ उलटायचं आणि आवृत्तीचं पान वाचायचं. तिथे 'पुनर्मुद्रण' असं छापलेलं वर्ष आपल्याला फसवतं. पुस्तक कधी छापलं हे त्यावरून कळतं, मजकूर कधी लिहिला हे कळत नाही. आपल्याला हवं असतं पहिल्या आवृत्तीचं वर्ष. ह्या बाबतीत एक वर्ष लक्षात ठेवण्याजोगं आहे, १९१६. लोकमान्य टिळकांनी त्या वर्षी जेधे शकावली प्रसिद्ध केली. त्याआधी लिहिलेल्या चरित्रात १६३० ही तारीख सापडणं अवघडच, कारण ती जिथून आली तो कागदच अजून लोकांपुढे आला नव्हता. मुलीच्या हातातल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९१६ च्या आधीची निघते. म्हणजे लेखकानं चूक केली असं नाही. त्याच्यासमोर जे होतं, ते त्यानं लिहिलं.

त्याच्यासमोर काय होतं? बखरी. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, प्रभव संवत्सर ही तिथी बखरींच्या परंपरेतून आली. तिच्यातली महत्त्वाची बखर मल्हार रामराव चिटणीसांची, आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. महाराजांच्या जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर ती लिहिली गेली. एवढ्या काळात एखादं वर्ष पुढेमागे सरकणं अगदी शक्य आहे, आणि त्यासाठी कुणी खोटारडं असावं लागत नाही.

जेधे शकावलीचा प्रकार वेगळा. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणांची वही. कान्होजी जेधे महाराजांचे जवळचे सहकारी, त्यांचं हे घराणं. शकावली म्हणजे शकवार नोंदी. अमुक शकात, अमुक तिथीला अमुक घडलं, एवढंच. गोष्ट रंगवण्याचा हेतू तिथे नसतो. तिच्यात नोंद आहे ती अशी: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, ह्या दिवशी शिवाजी राजे शिवनेरीस उपजले.

इथे जरा थांबू या. ह्या नोंदीत पाच गोष्टी आहेत: शक, संवत्सर, तिथी, वार आणि नक्षत्र. आजच्या तारखेला आपण एवढ्या गाठी मारत नाही. जुन्या नोंदीची ताकद ह्या गाठींतच असते, कारण एक गाठ दुसरीवरून तपासता येते. चौथीतल्या मुलीलाही येते. तिनं वहीत केलेली गणितं मी तुम्हाला दाखवतो.

आधी संवत्सर. संवत्सरं साठ, आणि ती क्रमानं फिरतात. महाराष्ट्रात नियम असा की शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं आणि बाकी मोजायची. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३. साठनं भागलं की बाकी ३. पहिलं संवत्सर प्रभव, दुसरं विभव, तिसरं शुक्ल. जुळलं. नियमाचीच खात्री करायची असेल तर राज्याभिषेकाचा शक घ्या, १५९६. बाकी येते ४८, आणि अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद. राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरात झाला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

मग इसवी सन. शकात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. मुलगी इथे गोंधळते, कारण पाठ्यपुस्तकात तर १६३० आहे! बाई तिला कॅलेंडर दाखवतात. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे. जानेवारी उजाडला की शक तोच राहतो, पण सन पुढे जातो, म्हणून ७९. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तेव्हा इथे ७९ च हवेत. १६२९ असं वर्ष कुठे छापलेलं दिसलं, तर बहुधा हीच चूक आहे असं समजा. तसंच त्या काळच्या इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यांच्या हिशेबानं १६३० चा फेब्रुवारी हा १६२९ मध्येच पडतो. त्यांच्या कागदांतली जानेवारी ते मार्चमधली तारीख वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता वार, आणि खरी गंमत इथे आहे. मुलगी घरी मोबाइलवर १९ फेब्रुवारी १६३० चा वार शोधते. उत्तर येतं मंगळवार. शकावली तर शुक्रवार म्हणते! सगळं मुसळ केरात, असं तिला वाटतं.

मोबाइल चुकत नाही, तो दुसऱ्या कॅलेंडरनं मोजतो. १५८२ साली पोप ग्रेगरीनं कॅलेंडर दुरुस्त केलं आणि दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगीजांनी हे लगेच स्वीकारलं, म्हणून गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत नव्या तारखा असतात. इंग्लंडनं १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडरच चालवलं, म्हणून सुरतेच्या इंग्रज वखारीचे कागद जुन्या तारखांचे. आपल्या इतिहासकारांनी महाराजांच्या काळासाठी जुनी पद्धत धरली. १९ फेब्रुवारी ही तारीख त्या जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीनं तोच दिवस १ मार्च १६३०. मोबाइल सगळा भूतकाळ नव्या पद्धतीनंच मोजतो, तेव्हा त्याला विचारायला हवं १ मार्चबद्दल.

ह्याचा पडताळा कागदावरही घेता येतो. नव्या कॅलेंडरात ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात. सातनं भागा, बाकी शून्य. म्हणजे दर ४०० वर्षांनी वार जसेच्या तसे परत येतात. १ मार्च १६३० चा जो वार, तोच १ मार्च २०३० चा. मुलगी २०३० चा मार्च उघडते. पहिली तारीख, शुक्रवार.

राहिलं नक्षत्र. फाल्गुनाला फाल्गुन म्हणतात, कारण त्या पौर्णिमेला चंद्र फाल्गुनी नक्षत्रांच्या आसपास असतो. पूर्वा फाल्गुनी, उत्तरा फाल्गुनी आणि तिसरं हस्त. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी तो हस्तात असणं अगदी ठीक बसतं. नोंदीत 'रोहिणी' लिहिलेलं असतं, तर आपण लगेच कान टवकारले असते.

पाचही गाठी जुळल्या. मुलगी खूश होते आणि जाहीर करते, "बाई, पाठ्यपुस्तक बरोबर!" बाई तिला इथे थांबवतात, आणि त्यांचं हे थांबवणं मला फार मोलाचं वाटतं. त्या म्हणतात, "तेच गणित १५४९ ला लाव." १५४९ अधिक १२ म्हणजे १५६१, साठनं भागलं की बाकी एक. पहिलं संवत्सर, प्रभव. बखरींच्या परंपरेतही प्रभवच आहे. तिथेही गाठ जुळते.

म्हणजे गणितानं काय कळलं? एवढंच, की जेधे शकावलीतली नोंद आतून सुसंगत आहे, नकलताना तिचा आकडा बिघडलेला नाही. त्या दिवशी जन्म झाला की नाही, हे गणित सांगत नाही. शंभर वर्षांनी पंचांग घेऊन बसलेला माणूसही सुसंगत तिथी लिहू शकतो. म्हणून पुढचा प्रश्न साक्षीदारांचा. ही तिथी आणखी कुणी सांगतं का, आणि ते एकमेकांचं ऐकून सांगतात की स्वतंत्रपणे?

इथे दोन साक्षीदार उभे राहतात. कवींद्र परमानंदांचं संस्कृत शिवभारत हे महाराजांच्या हयातीत, त्यांच्याच सांगण्यावरून रचलेलं काव्य. ते १९२७ साली छापून आलं. त्यातही शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया. दुसरा साक्षीदार जोधपूरकडच्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातला. तिथे महाराजांची जन्मकुंडली सापडली आणि तिच्यावरूनही हाच दिवस निघतो. मावळातल्या देशमुखाची वही, दरबारातल्या कवीचं काव्य आणि राजस्थानातल्या ज्योतिषाची कुंडली. ह्या तिघांनी एकमेकांची नक्कल केली असं मानायला जागा फार कमी आहे. १६२७ च्या बाजूला असा समकालीन साक्षीदार नाही. माझ्या मते पारडं फिरतं ते ह्याच ठिकाणी. वाराच्या गणितानं फिरत नाही.

तरी वाद लगेच मिटला नाही. १९६६ मध्ये राज्य सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही. न. र. फाटकांसारखे जाणते अभ्यासक १६२७ च्या बाजूचे होते. सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ च्या सुमारास. म्हणून कुठल्याही जुन्या पुस्तकात, भाषणात किंवा पुतळ्याखालच्या पाटीवर १६२७ दिसलं, तर दचकायचं कारण नाही.

मुलगी वाचनालयाचं पुस्तक परत करायला जाते. ६ एप्रिल खोडून त्यावर १९ फेब्रुवारी लिहावं असं तिच्या मनात असतं, पेन्सिलही हातात असते. ग्रंथपाल काका तिला खोडू देत नाहीत. ते एक कोरी चिठ्ठी देतात. ती लिहिते: "ही तारीख बखरींवरून घेतली आहे. हे पुस्तक लिहिल्यानंतर जेधे शकावली छापली गेली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार असं आहे. शिवभारतातही तेच." खाली वर्ग आणि तुकडी. काका ती चिठ्ठी त्या पानापाशी, पाठबांधणीच्या आतल्या कडेला, खळीचं एक बोट लावून चिकटवतात.