आधी रस्ता मोजा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाबद्दल. तुमच्यातल्या निम्म्यांच्या सोसायटीत हा विषय चालू असेल, उरलेल्या निम्म्यांच्या सोसायटीत त्यावरून भांडण चालू असेल. मी वास्तुरचनाकार, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या सभांना बसलोय. चहा भांडणाच्या सभेत चांगला मिळतो, हा माझा अनुभव.

तर पार्ल्यातली एक सोसायटी. तळमजला अधिक तीन मजले, वीस बिऱ्हाडं, प्रत्येकी साधारण सव्वाचारशे फूट कार्पेट. भूखंड बरोबर एक हजार चौरस मीटरचा. हिशेबाला सोपा म्हणून मी तो विसरलेलो नाही. मी पहिल्या सभेला गेलो तेव्हा बिल्डरचं पत्र आधीच आलेलं होतं. चाळीस टक्के जादा जागा, म्हणजे सव्वाचारशेच्या जागी पाचशे नव्वद फूट. शिवाय कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे, तीन वर्षांचं भाडं, आणि लॉबीत इटालियन संगमरवर. हा संगमरवर माझा जुना शत्रू आहे. पावसाळ्यात त्यावरून घसरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. आपली शहाबादी फरशी काय वाईट होती? असो.

सगळे खूश होते. खूश नव्हते ते एकटे मास्तर, पहिल्या मजल्यावरचे. गणित शिकवून निवृत्त झालेले, पुढच्या रांगेत बसलेले. त्यांनी विचारलं, "आपला रस्ता किती रुंद आहे?"

सभेत हसू पिकलं. सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, आपण इमारत बांधतोय, रस्ता नाही." आणि मला घाम फुटला, कारण हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

का, ते सांगतो. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपला रोजचा एफएसआय, हे नुसतं एक प्रमाण आहे. एक हजार मीटरचा भूखंड आणि एफएसआय एक, तर सगळ्या मजल्यांचं बांधकाम मिळून एक हजार मीटर. दोन असेल तर दोन हजार. मुंबईत हे माप 1964 च्या विकास आराखड्यापासून आलं, आणि आज जी नियमावली लागू आहे ती 2018 पासूनची. तिच्यात उपनगराचा मूळ एफएसआय एकच आहे. वरचा सगळा विकत घ्यायचा, थोडा सरकारला प्रीमियम भरून, थोडा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा बांधकामाचा हक्क, घेऊन. आणि किती विकत घेता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पुन्हा सांगतो, रस्त्याच्या रुंदीवर. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर विकत काहीच मिळत नाही, एकावर गाडी थांबते. नऊ मीटर किंवा जास्त झाला की दोनपर्यंत. पुढे रस्ता रुंद होत जाईल तसा हा आकडा थोडा थोडा वाढतो, आणि सत्तावीस मीटरच्या मोठ्या रस्त्यावर अडीचपर्यंत जातो. बिल्डरच्या पत्रात दोन धरला होता. रस्ता कोणी मोजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आणि मास्तर रस्त्यावर. गर्दी नको म्हणून सहाला. त्यांच्याकडे कापडी टेप होता. मी म्हटलं, मास्तर, कापडी टेप ताणला जातो, माप खोटं येतं, आपण स्टीलचा वापरू. त्यावर त्यांनी पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. दूधवाला थांबून ऐकत होता. शेवटी स्टीलचाच वापरला. आमच्या कुंपणाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत तीन ठिकाणी माप घेतलं, कारण रस्ता सगळीकडे सारखा रुंद असतो हा भ्रम आहे. सगळ्यात अरुंद जागी भरला आठ मीटर चाळीस सेंटिमीटर.

साठ सेंटिमीटर कमी. हातभर म्हणा ना. पण त्या हातभर जागेचा हिशेब ऐका. रस्ता नऊच्या खाली, म्हणजे एफएसआय एक, बांधकाम एक हजार मीटर. त्यावर पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वरचं जादा बांधकाम, मिळतं; झाले तेराशे पन्नास. जुन्या सोसायट्यांना नियमावली दर घरामागे दहा मीटरचं उत्तेजनही देते, वीस घरांचे दोनशे. एकूण साडेपंधराशे मीटर. वीस सभासदांना पाचशे नव्वद फुटांची घरं द्यायची, तर भिंती धरून बाराशे तीसच्या आसपास खर्ची पडतात. बिल्डरला विकायला उरले साधारण तीनशे वीस मीटर, म्हणजे चार-पाच फ्लॅट. त्यातून त्याने अख्खी इमारत बांधायची, वीस बिऱ्हाडांचं तीन वर्षांचं भाडं भरायचं आणि संगमरवरही लावायचा.

रस्ता नऊ मीटर भरला तर? दोन हजारांवर पस्तीस टक्के म्हणजे सत्तावीसशे, अधिक दोनशे. एकोणतीसशे मीटर. विकायला सोळाशे सत्तर! तीनशे वीसचे सोळाशे सत्तर, आणि मध्ये फक्त हातभर डांबर.

पुढच्या सभेत मी हे सांगितल्यावर शांतता पसरली. मग शंका सुरू झाल्या. समोरच्या सोसायटीने भिंत पुढे घेतली असणार, हे सगळ्यांचं एकमत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर म्हणाल्या, "त्यांना मी पहिल्यापासून ओळखते." समोरच्यांना पत्र लिहायचा ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. फक्त मास्तर म्हणाले, आधी जुना नकाशा काढा.

नकाशा निघाला. साठच्या दशकातला ले-आउट, निळ्या कागदावर, घड्यांवर फाटलेला. त्यावर रस्ता लिहिला होता तीस फूट. तीस फूट म्हणजे नऊ मीटर पंधरा. नियमावलीतले हे आकडे असेच आलेत, जुन्या फुटांचे मीटर झालेत. बारा मीटर वीस हा आकडा दिसतो ना, तो चाळीस फुटांचा रस्ता. सांगायचा मुद्दा, रस्ता कागदावर पुरेसा होता. मग जागेवरचे पाऊण मीटर, अडीच फूट, गेले कुठे?

सोसायटीने नगर भूमापन कार्यालयात मोजणीचे पैसे भरले. भूमापक आला, खुणा केल्या. अख्खी सोसायटी गॅलऱ्यांत उभी. पहिली खूण समोरच्या भिंतीशी. अगदी जागेवर, इंचाचाही फरक नाही. दुसरी खूण आमच्या बाजूला, कुंपणाच्या आत, तुळशीवृंदावन आणि स्कूटर लावायची जागा यांच्या मधोमध. भिंतीपासून अडीच फूट आत. एवढी वर्षं रस्ता आमचाच कोणीतरी खात होता, आणि ज्या कमिटीने ती भिंत बांधली तिचे खजिनदार होते खुद्द मास्तर!

मास्तर काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि घरी गेले. समोरच्या सोसायटीला लिहिलेलं पत्र पोस्टात पडलं नव्हतं, हे आमचं नशीब.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की घरचे उठून जातात. पण तुम्ही लक्षात ठेवा: रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा, आणि मग कागदावरच्या मापाशी ताडून पाहा. दोन्ही करा. महापालिका काही रस्त्यांना नियमित रेषा आखते, 1888 च्या कायद्याच्या कलम 297 खाली. ती रेषा तुमच्या भूखंडातून जात असेल तर तेवढी पट्टी रस्त्यासाठी सोडावी लागते आणि तिचा मोबदला एफएसआयच्या रूपात मागता येतो. हे सगळं भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सीटीएस नंबर, देऊन डीपी रिमार्क काढला की कळतं. विकास आराखड्यात आपल्या भूखंडाची काय नोंद आहे ते सांगणारा महापालिकेचा कागद म्हणजे डीपी रिमार्क. आणि मुंबईबाहेरच्या श्रोत्यांनो, पुणे-नाशिकला नियमावली वेगळी, 2020 ची, मूळ एफएसआय 1.1. पण नऊ मीटरचा उंबरठा तुम्हालाही आहे.

त्याच डीपी रिमार्कमध्ये झोन असतो. वेळ कमी उरलाय म्हणून थोडक्यात. बांधकाम किती, ते एफएसआय सांगतो. त्या बांधकामात काय चालवायचं, ते झोन सांगतो. निवासी झोनमध्ये घरं चालतात, दवाखाना चालतो, तळमजल्याला किराणा चालतो, आणि पिठाची गिरणीसुद्धा चालते, पण तळमजल्यावरच आणि विजेच्या मर्यादेत. या सोसायटीत गिरणी होतीच. बिल्डरच्या आराखड्यात तळमजला सगळा पार्किंगचा आणि गिरणीवाल्याला दिलेलं दुकान पहिल्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर गिरणीला परवानगी नाही, मग त्या माणसाने सही कशाला करायची? गाड्यांना तळमजला आणि माणसांना जिना, ही हल्लीची रीत मला मुळीच पटत नाही, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय. आणि भूखंडावर मैदानाचं किंवा बागेचं आरक्षण असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी त्याचा निकाल लागायला हवा.

तर भिंत आत आली. रस्ता नऊ पंधरा झाला, एफएसआय दोन झाला, पेढे वाटले. मग विमानतळाचा कागद आला. पार्ल्यात विमानांच्या उतरण्याच्या वाटेखाली, फनेलमध्ये, इमारतीचा माथा समुद्रसपाटीपासून किती उंच जाऊ शकतो हे विमानतळ प्राधिकरण ठरवतं. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोलीही त्यात धरतात. भूखंडाची बाजूची मोकळी जागा सोडली की एका मजल्याला तीनशे तीस मीटर मिळत होते. एकोणतीसशे मीटर बसवायला नऊ मजले हवेत. पार्किंगवर सातच मजल्यांना परवानगी मिळाली. सात गुणिले तीनशे तीस, तेवीसशे दहा. उरलेला एफएसआय नियमात आहे, कागदावर आहे, पण रचायला आभाळ नाही.

म्हणून बिल्डरला विचारण्याआधी हा तिसरा कागदही मागून घ्या. रस्ता, झोन, उंची. यातलं सगळ्यात कमी जे भरेल तेवढीच तुमची इमारत.

शेवटी पाचशे नव्वदचे पाचशे दहा झाले. सभेत आरडाओरडा झाला, संगमरवर रद्द झाला, शहाबादी मात्र कोणी सुचवली नाही. गिरणीला रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर दहा बाय बाराचं दुकान मिळालं. मास्तरांनी ठरावाला अनुमोदन दिलं. भिंत पाडायच्या दिवशी ते खुर्ची टाकून बसले होते, हातात तोच कापडी टेप. मजुराला म्हणाले, "अडीच फूट. मी सांगतो तिथपर्यंत."

नमस्कार.